चांदणीखालचं घर

पाडव्याच्या आदल्या रविवारी आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्राला जॅकेट होतं. मूळ पहिल्या पानावर गुंडाळलेल्या पूर्ण पानभर जाहिरातीला छपाईच्या धंद्यात जॅकेट म्हणतात. त्यावर एका गृहप्रकल्पाचं चित्र होतं. भाची आणि तिचा नवरा दोन वर्षं पुण्यात घर शोधताहेत. ती दुपारी ते पान घडी करून घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हे आपल्याला जमेल असं वाटतंय. बघ ना जरा."

मी बरीच वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचं काम केलं आहे, त्यात घरांच्या जाहिरातीही आल्या. म्हणून तिच्यासोबत बसून त्या पानाची एकेक ओळ वाचली. प्रकल्पाचं आणि बिल्डरचं नाव इथे देत नाही, कारण त्या पानावर जे होतं ते दर रविवारी कुठल्या ना कुठल्या नावाने छापलं जातं. पानावर मोठ्या अक्षरांत एवढंच होतं: "निसर्गाच्या कुशीत प्रशस्त २ बीएचके. वापरायोग्य क्षेत्र ६९० चौरस फूट. ७९ लाखांपासून*. आयटी पार्क १० मिनिटांवर, प्रस्तावित मेट्रो ५ मिनिटांवर. ताबा डिसेंबर २०२७*. शेवटचे ७ फ्लॅट." दोन ठिकाणी छोटी चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी.

या पानात खोटं असं एकही वाक्य नव्हतं. घरांच्या जाहिरातीत आता उघड खोटं क्वचितच सापडतं, आणि त्याला कारण आहे. २०१६ सालच्या रेरा कायद्याच्या १२व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर सगळे पैसे व्याजासह परत करावे लागतात. असत्य विधान केलं तर त्यात अडकायला होतं. पण वाक्य अर्धं सोडलं आणि उरलेलं वाचणाऱ्याने मनाशी पूर्ण केलं, तर त्या मनातल्या भागाची जबाबदारी कुणावरच येत नाही. म्हणून मजकूर लिहिणाऱ्याचं सगळं कसब आता वाक्य कुठे थांबवायचं यात असतं. वाचणाऱ्याने ते वाक्य पुढे नेणारा प्रश्न विचारायचा असतो.

किमतीपासून सुरुवात केली. "७९ लाखांपासून" यातला "पासून" हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाचा शब्द. पहिला ऐकलेला आकडा मनात खुंटीसारखा रुततो. नंतर येणारा प्रत्येक खर्च आपण त्या खुंटीपासून मोजतो, आणि दोन-तीन लाखांची भर ७९ लाखांपुढे किरकोळ वाटते. तीच भर सुट्टी हातात ठेवली असती, तर वर्षभराची बचत म्हणून जाणवली असती. म्हणून आधी विचारायचं, की ७९ लाखांना नेमका कुठला फ्लॅट मिळतो? कितवा मजला, कुठल्या बाजूला तोंड, आणि तो आज शिल्लक आहे का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: किल्ली हातात येईपर्यंत आमच्या खात्यातून सगळं धरून किती जाणार?

भाचीने सेल्स ऑफिसमधून कॉस्ट शीट मागवली. एका पानाचा हा तक्ता त्यांच्याकडे तयारच असतो, मागितल्याशिवाय देत नाहीत इतकंच. ७९ लाखांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला होता. तिला हवा होता आठव्या मजल्यावरचा, बागेकडे तोंड असलेला, म्हणजे चित्रात दाखवला तसा. वरच्या मजल्यासाठीचा फ्लोअर राइज १ लाख ६० हजार. बागेकडे तोंड म्हणून २ लाख. पार्किंग ३ लाख. "इन्फ्रास्ट्रक्चर व लीगल" या नावाखाली ३ लाख ४० हजार. करारनाम्याची किंमत झाली ८९ लाख.

यानंतर सरकारी देणी. बांधकाम चालू असलेल्या आणि ४५ लाखांवरच्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख ४५ हजार. पुण्याच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख २३ हजार. नोंदणी फी ३० हजार. शिवाय दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स आणि सोसायटी स्थापनेचा खर्च १ लाख २० हजार. सगळं मिळून १ कोटी १ लाख १८ हजार. छापलेल्या आकड्याहून २२ लाख १८ हजार जास्त, म्हणजे २८ टक्के वर. त्यात फर्निचर, पडदे, घर लागेपर्यंतचं भाडं आणि कर्जाचं व्याज धरलेलंच नाही.

यातला कुठलाही खर्च लपवलेला नव्हता. कॉस्ट शीटवर सगळं लिहिलेलं होतं, आणि चांदणीखालच्या ओळीत "कर व इतर शुल्क अतिरिक्त" असंही छापलेलं होतं. लक्ष ठेवायचा शब्द आहे "इतर". जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारची, ती प्रत्येकाला भरावीच लागते. बाकीचं बिल्डरच्या हातात असतं आणि त्यात घासाघीस होऊ शकते. म्हणून कॉस्ट शीट हातात आल्यावर सरकारी आणि बिल्डरचं असे दोन रकाने वेगळे पाडून घ्यावेत. "स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून" अशी सवलत दिसली, तर तोच फ्लॅट सवलत न घेता सगळं धरून किती रुपयांना, हे विचारावं. दोन आकड्यांत फरक नसेल, तर ती सवलत मूळ किमतीत आधीच घातलेली आहे.

क्षेत्रफळाची गोष्ट जरा किचकट, पण समजली की पुन्हा कधी फसायला होत नाही. जाहिरातीत "वापरायोग्य क्षेत्र ६९० चौरस फूट" होतं. रेरा कायद्यात मात्र कार्पेट क्षेत्राची व्याख्या आहे: घरातली वापरता येणारी फरशी आणि आतल्या भिंतींची जागा धरायची; बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची सोडायची. त्या हिशोबाने हा फ्लॅट ६१० चौरस फुटांचा होता. उरलेले ८० फूट बाल्कनी आणि धुण्याची ड्राय बाल्कनी मिळून. "वापरायोग्य" हा शब्द चुकीचा म्हणता येत नाही, बाल्कनी आपण वापरतोच. पण शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करायला गेलो, तर सगळा घोळ होतो. ७९ लाख भागिले ६९० केले, तर चौरस फुटाचा भाव सुमारे ११,४५० रुपये पडतो. भागिले ६१० केले, तर १२,९५०. दुसऱ्या बिल्डरने प्रामाणिकपणे कार्पेट छापलेलं असेल, तर तोच महाग दिसतो.

महारेराच्या संकेतस्थळावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं आणि जाहिरात फुटांमध्ये बोलते, त्यामुळे बरेच जण ताडून पाहायच्या भानगडीत पडत नाहीत. मीटरच्या आकड्याला १०.७६४ ने गुणायचं, बस. या फ्लॅटचं तिथे ५६.६७ चौरस मीटर होतं, गुणाकार केला की बरोबर ६१० येतात.

सॅम्पल फ्लॅट बघायला भाची आणि तिचा नवरा जाणारच होते, म्हणून त्यांना मोजपट्टी घेऊन जायला सांगितलं. घर पाहताना आपण खोली मोजत नाही, खोलीतल्या सामानावरून तिचा अंदाज बांधतो. पलंग बसला आणि बाजूने फिरायला जागा उरली, की खोली मोठी वाटते. म्हणून सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग आणि सोफा नेहमीच्या मापापेक्षा लहान बनवून घेण्याची पद्धत आहे. खोल्यांना दारं लावत नाहीत, कारण उघडलेलं दार जागा खातं. एका भिंतीला आरसा असतो. कपाटाची खोली इतकी कमी, की त्यात हँगर आडवा मावत नाही. भाचीने परत येऊन सांगितलं, की मास्टर बेडरूममधला पलंग ५ फूट ८ इंच लांब होता. तिच्या नवऱ्याची उंची ५ फूट ११ इंच. घरच्या सव्वासहा फुटांच्या पलंगाचं माप टाकल्यावर पलंग आणि समोरच्या भिंतीमध्ये कपाट पूर्ण उघडेना.

आता चित्र. पानाचा दोन तृतीयांश भाग चित्राचा होता: तीन इमारती, मधोमध निळा तरणतलाव, भोवती हिरवळ, मागे डोंगर. खाली बारीक अक्षरांत "चित्रे कल्पनादर्शक". यावर वाचणारा काय विचारतो? बहुधा "असंच दिसेल का?" असं. पण त्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. उत्तर मिळू शकेल असा प्रश्न वेगळा आहे: हा तलाव कुठल्या फेजमध्ये आहे?

मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधतात आणि रेरामध्ये प्रत्येक टप्प्याची नोंदणी स्वतंत्र प्रकल्प म्हणून होते. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, पूर्ण करायची तारीख वेगळी, सोयींची यादीही वेगळी. जाहिरातीच्या कोपऱ्यात महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही छापावा लागतो. तो कोड मोबाइलने स्कॅन केला, की नेमक्या त्याच टप्प्याचं पान उघडतं. आम्ही ते उघडलं. विक्रीला होता टप्पा एक, दोन इमारती. सोयींच्या यादीत अंतर्गत रस्ते, सांडपाणी, लहान मुलांसाठी खेळायची जागा. तरणतलाव आणि क्लब हाउस त्या यादीत नव्हते. सेल्स ऑफिसला विचारल्यावर कळलं, की ते टप्पा तीनमध्ये आहेत, आणि त्या टप्प्याची नोंदणी अजून व्हायची आहे. चित्रातली तिसरी इमारत आणि तलाव आज फक्त चित्रात आहेत. टप्पा तीनचे फ्लॅट खपले नाहीत, तर ते आणखी कितीतरी वर्षं चित्रातच राहतील.

चित्रातून काय पुसलंय, हे मात्र जागेवर जाऊनच कळतं. मागचा डोंगर खरा होता. डोंगर आणि इमारत यांच्यामधला ओढा, आणि पलीकडच्या प्लॉटवर उभी राहणारी दुसरी इमारत चित्रात नव्हती. "निसर्गाच्या कुशीत" ही ओळ वाचली, की मी शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा मालक कोण आणि त्यावर किती मजले मंजूर आहेत, हे विचारायला सांगतो. सुंदर दृश्यासाठी घेतलेले दोन लाख त्या प्लॉटवरची इमारत चढेपर्यंतच टिकतात.

अंतराच्या ओळीत दोन युक्त्या आहेत. पहिली, अंतर मिनिटांत सांगणं. १० मिनिटं म्हणजे किती किलोमीटर, हे गाडीच्या वेगावर ठरतं. आयटी पार्कचं अंतर प्रत्यक्षात साडेसहा किलोमीटर भरलं. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ३९ किलोमीटरने गेलात, तर बरोबर १० मिनिटं लागतात. सोमवारी सकाळी साडेनऊला, ताशी १५ च्या गतीने, २६ मिनिटं. दोघांना रोज जायचंय त्या वेळी, त्या वाहनाने एकदा जाऊन पाहणं याला पर्याय नाही.

दुसरी युक्ती "प्रस्तावित" या शब्दात आहे आणि ती जास्त महाग पडते. भविष्यात होणाऱ्या गोष्टीची किंमत आपण आज भरतो. पनवेल-उलवे भागात नवी मुंबई विमानतळाच्या नावावर वर्षानुवर्षं घरं विकली गेली. त्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. पायाभरणीनंतरच साडेसात वर्षांहून अधिक, आणि त्याआधीची वर्षं निराळी. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ ची, पहिला तुकडा सुरू झाला मार्च २०२२ मध्ये. दोन्ही कामं शेवटी झाली. पण "प्रस्तावित" वाचून २०१६ साली घर घेतलेल्याने मधली वर्षं रिक्षाच्या भाड्यात घालवली. म्हणून विचारायचं: प्रस्ताव कुणाचा, मंजुरी कुणी दिली, निविदा निघाली का, जमीन ताब्यात आली का? यातल्या एकाचंही उत्तर कागदावर मिळालं नाही, तर मेट्रोचं मूल्य शून्य धरून हिशोब करायचा आणि मग घर परवडतंय का ते बघायचं.

ताब्याच्या तारखेवरही चांदणी होती. या धंद्यात दोन तारखा असतात. एक "टार्गेट पझेशन", दुसरी "रेरा पझेशन". पहिली सेल्स ऑफिसची उमेद आहे. दुसरी महारेराकडे नोंदवलेली आणि करारनाम्यात लिहिलेली, आणि उशीर झाल्यास व्याज मागायचा हक्क त्याच तारखेपासून सुरू होतो. जाहिरातीत डिसेंबर २०२७ होतं, महारेराच्या पानावर जून २०२९. म्हणजे १८ महिने. भाची सध्या २२ हजार रुपये भाडं देते. १८ महिन्यांचे ३ लाख ९६ हजार. एवढा काळ भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू, आणि बिल्डरने कायद्याने कुठलाही उशीर केलेला नसतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. काही जाहिरातींत "१० टक्के भरा, बाकी ताब्याच्या वेळी" अशी योजना असते. त्यात बँकेचं कर्ज बहुधा ग्राहकाच्याच नावावर काढलेलं असतं आणि ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरतो. जाहिरात सांगत नाही ती गोष्ट अशी, की बिल्डरने व्याज भरणं थांबवलं, तर बँक ग्राहकाच्या दारात येते. त्याचा क्रेडिट स्कोअर बिघडतो आणि घर अजून अर्धवट असतं. अशा तक्रारी वाढल्यावर २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहकर्ज कंपन्यांना या योजनांपासून दूर राहायला सांगितलं. अशी ओळ दिसली, तर कर्जाच्या कागदावर कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे हा एकच प्रश्न पुरतो.

"शेवटचे ७ फ्लॅट" पाहून भाचीला सगळ्यात जास्त घाई झाली होती. घाईत माणूस तुलना करत नाही, म्हणून सणाच्या तोंडावर ही ओळ हमखास येते. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, म्हणजे ज्या दिवशी घर बुक करणं शुभ मानतात आणि घरातली वडीलधारी माणसंही "आजच करून टाका" म्हणतात. विचारायचं ते इतकंच, की कशापैकी सात? बिल्डरला किती फ्लॅट बुक झाले हे दर तिमाहीला महारेराच्या संकेतस्थळावर भरावं लागतं. तिथे १६८ पैकी ४१ बुक झालेले दिसत होते, १२७ शिल्लक. मग सात कुठले? फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, पाडव्याच्या ऑफरचे सात." ऑफर म्हणजे मॉड्युलर किचनवर ५० हजारांची सूट. जाहिरातीत "ऑफरचे" हा शब्द नव्हता.

महारेराच्या या माहितीलाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. तिथले आकडे बिल्डर स्वतः भरतो आणि काही वेळा ते एखाद्या तिमाहीने मागे असतात. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे बांधकाम पक्कं आहे किंवा बिल्डर वेळ पाळेल, याची हमी मिळत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागेवरचे किंवा आठपर्यंतच फ्लॅट असलेले प्रकल्प नोंदणीच्या सक्तीतून सुटतात, त्यामुळे एखाद्या छोट्या इमारतीच्या जाहिरातीत क्रमांकच नसू शकतो. पण मोठ्या प्रकल्पात जाहिरातीतली अर्धी सोडलेली वाक्यं पूर्ण करायला तेवढं एक पान आणि एक कॉस्ट शीट बहुतेक वेळा पुरेशी होते.

भाचीने तीन प्रश्न लिहून काढले. क्लब हाउस आणि तलाव कुठल्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून देणार का? शेजारच्या प्लॉटवर काय मंजूर आहे? "इन्फ्रास्ट्रक्चर व लीगल"मधल्या ३ लाख ४० हजारांचा तपशील काय? सेल्सवाल्याने तिन्हींची उत्तरं फोनवर ताबडतोब दिली, अगदी गोड आवाजात. ती म्हणाली, "हेच मेलवर लिहून पाठवाल का?"

मेल चार दिवसांनी आला. प्लॉटचं उत्तर होतं. पैशांचा तपशीलही होता, आणि त्यात ९० हजारांची सूटही. तलावाच्या प्रश्नापुढे "टप्प्याटप्प्याने" एवढंच लिहिलेलं होतं. तिने बुकिंग अजून केलेलं नाही. जॅकेटचं ते पान मात्र तिने नीट कापलं, कोपऱ्यात पेनाने तारीख घातली आणि कॉस्ट शीट व मेलच्या प्रिंटसोबत फाइलला लावून ठेवलं.